पराभव नाम संवत्सर: नाव कसं काढायचं आणि सगळे नेमके कुठे चुकतात

नमस्कार मंडळी. गुढीपाडव्यापासून एकच प्रश्न येतोय. "दादा, या वर्षाचं नाव पराभव आहे, मग मुलीचं लग्न या वर्षी करायचं की पुढे ढकलायचं?" अहो, नावाला घाबरून कसं चालेल? साठ नावांत पराभव आहे, दुर्मुख आहे, राक्षससुद्धा आहे, आणि शेवटचं तर क्षय. एकेक नाव टाळत बसलात तर बोहल्यावर कधी चढणार? मुहूर्त तिथी-नक्षत्रावरून बघतात, तो तुमच्या गुरुजींना विचारा. आज आपण नाव काढायचं कसं ते बघू.

हिशोब दोन ओळींचा आहे. शालिवाहन शक घ्या, त्यात १२ मिळवा, साठाने भागा. बाकी उरेल तो नावाचा क्रमांक. पहिलं प्रभव, साठावं क्षय, आणि बाकी शून्य आली तरी क्षयच. यादी कुठल्याही पंचांगात मिळते. आत्ता शके १९४८. अधिक १२, झाले १९६०. बत्तीस साठे १९२०, उरले ४०. चाळिसावं नाव पराभव. झालं.

मग व्हिडिओ कशाला? कारण भागाकार कोणी चुकत नाही. चुकतो तो शक. गेल्या व्हिडिओखालच्या निम्म्या कमेंट्स याच चुकीच्या आहेत. शाळेत शिकलोय ना, "इसवी सनातून ७८ वजा केले की शक". अर्धीच गोष्ट शिकलोय! ७८ वजा करायचे ते पाडव्यानंतर. एक जानेवारी ते पाडव्याचा आदला दिवस या काळात वजा करायचे ७९. इसवी सन बदलला म्हणून शक बदलत नाही, तो पाडव्यापर्यंत थांबतो.

पटत नसेल तर असं उदाहरण देतो जे तुम्ही विसरणार नाही. शिवाजी महाराजांचा जन्म, १९ फेब्रुवारी १६३०. सवयीने ७८ वजा करा, १५५२ येतात. अधिक १२, १५६४. सव्वीस साठे १५६०, बाकी ४. चौथं नाव प्रमोद. आता जेधे शकावली काय म्हणते? शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया. महिना बघा, फाल्गुन! म्हणजे वर्ष संपत आलंय, पाडवा अजून यायचाय. मग ७९ वजा करा. १५५१, अधिक १२ म्हणजे १५६३, बाकी ३, शुक्ल. जुळलं. आता राज्याभिषेक घ्या, ६ जून १६७४. इथे पाडवा होऊन गेलाय, म्हणून ७८. शके १५९६, अधिक १२ म्हणजे १६०८, बाकी ४८, आनंद. "आनंदनाम संवत्सरे" हे शब्द तुम्ही ऐकलेलेच आहेत.

आता आमच्या घरातली गंमत. माझ्या मामाचा जन्म फेब्रुवारी १९६६चा. यंदा साठी. मामाने आधीच जाहीर केलं, "माझा जन्म पराभवचा, माझं संवत्सर पाडव्याला परत येतंय, साठीशांत तेव्हाच करू." १९६६ वजा ७८ म्हणजे १८८८, अधिक १२ म्हणजे १९००, बाकी ४०, पराभव. हिशोब चोख, पण महिना फेब्रुवारी! मी म्हटलं, मामा, ७९ वजा कर. १८८७, अधिक १२ म्हणजे १८९९, बाकी ३९. विश्वावसु! आणि तुझं विश्वावसु आत्ता चालू आहे, १८ मार्चला संपेल, १९ला पाडवा. मामा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. साठ वर्षं आपलं नाव चुकीचं सांगितलं म्हटल्यावर माणूस बोलेल कसा? शेवटी मामीने पंचांग काढून समोर ठेवलं, तेव्हा कुठे शांत झाली. दोन्ही अर्थांनी.

तिसऱ्यांदा तेच सांगतोय, कंटाळू नका, कारण या वेळी चूक भिंतीवर छापलेली दिसेल. कॅलेंडरवर "भारतीय सौर" म्हणून एक तारीख असते. तो सरकारी शक. त्याचं वर्ष २२ मार्चला बदलतं, लीप वर्षी २१ला. त्याला पाडव्याशी काही देणंघेणं नाही. यंदा पाडवा १९ मार्चला आला, म्हणजे तीन दिवस सरकारी शक १९४७ आणि आपला १९४८. पुढच्या वर्षी उलटं होणार. या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे, वर्ष तेरा महिन्यांचं. म्हणून २०२७चा पाडवा थेट ७ एप्रिलला. २२ मार्च ते ६ एप्रिल २०२७ सरकारी आकडा १९४९ दाखवेल. तो आकडा उचलून बारा मिळवलेत तर ४१ येईल, प्लवंग. आणि तुम्ही सत्यनारायणाच्या संकल्पात ठणठणीत आवाजात प्लवंगनाम संवत्सरे म्हणाल, पराभव चालू असताना! तिथी चालू वर्षाच्या फाल्गुनातली आणि नाव पुढच्या वर्षाचं. चूक ओळखायची खूण हीच. चैत्र शुद्ध प्रतिपदा आली नसेल तर नाव बदलणार नाही.

आता एक कमेंट, जिने मला दोन रात्री जागवलं. इंदूरहून एक ताई लिहितात, "आमचे पंडितजी रौद्र म्हणाले, मावशी पुण्याहून पराभव म्हणते. खरं कोणाचं?" ताई, दोघांचंही. मुळात हे नाव गुरूच्या चालीवरून आलंय. मध्यम गतीने गुरूला एक रास ओलांडायला साधारण ३६१ दिवस लागतात. सौर वर्ष ३६५ दिवसांहून थोडं मोठं. दरवर्षी सव्वाचार दिवसांची तफावत साचत जाते आणि पंच्याऐंशी-एक वर्षांत एक अख्खं संवत्सर होते. ते नाव गाळावं लागतं. उत्तरेत अजून गाळतात. नर्मदेच्या दक्षिणेला दहाव्या शतकाच्या आसपास ही गाळागाळ बंद झाली आणि दर पाडव्याला पुढचं नाव, असा सरळ क्रम सुरू झाला. अकराशे वर्षांत उत्तर आपल्या तेरा नावं पुढे गेली. चाळिसात तेरा मिळवा, ५३, सिद्धार्थी. मग रौद्र कुठून आलं, ते तर ५४वं? तिकडचं नाव गुरूबरोबर बदलतं, पाडव्याला नाही. यंदा तो बदल नेमका पाडव्याच्या आगेमागे पडलाय. कोणत्या सिद्धांताची गुरूची गती धरली त्यावर पंचांगं भांडतात. काही सिद्धार्थी छापतात, काही रौद्र.

म्हणून ताई, संकल्पात विक्रम संवत म्हणत असाल तर पंडितजींचं नाव घ्या. शालिवाहन शके म्हणत असाल तर मावशीचं. फक्त शके १९४८ म्हणून पुढे रौद्र जोडू नका. आणि हो, मावशींना विचारा, त्यांचा जन्म जानेवारी ते मार्चमधला आहे का.