गेटवरची कुत्री आणि त्यांच्या जेवणाची जागा

रात्री सोसायटीच्या गेटवर कुत्री अंगावर येतात, अशी तक्रार घेऊन लोक माझ्याकडे येतात, तेव्हा मी आधी एवढंच विचारतो : त्यांना खायला कुठे घालता आणि किती वाजता? बहुतेक वेळा उत्तर येतं, गेटपाशीच, दहाच्या सुमाराला. नेमके त्याच वेळी डिलिव्हरीवाले येतात, सेकंड शिफ्टची मंडळी परततात. जिथे खाणं मिळतं ती जागा कुत्रं राखतं. आपण गेटवर ताट मांडलं, म्हणजे गेटची राखण त्याच्याकडे सोपवली.

आता गेटवर उभं असलेलं कुत्रं ओळखायचं कसं? नुसत्या भुंकण्यावरून काहीच ठरत नाही. पुढे येऊन भुंकतं, मागे सरतं, पुन्हा पुढे येतं, ते कुत्रं तुम्हाला लांब राहायला सांगत असतं. काळजी करायची ती शांत झालेल्या कुत्र्याची. भुंकणं थांबलं, अंग ताठ झालं, पाठीवरचे केस उभे राहिले, नजर तुमच्यावर खिळली आणि घशातून बारीक गुरगुर येऊ लागली, तर तिथेच थांबा. शेपटी हलते आहे एवढ्यावर विसंबू नका. ताठ, उंच धरलेली शेपटी सावकाश हलत असेल तर तो लाडीगोडीचा इशारा नव्हे. उलट शेपटी पोटाखाली, कान मागे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो आहे, असं कुत्रं घाबरलेलं असतं. त्याला पळायला वाट मिळाली तर ते जातं. भिंत आणि गाडी यांच्यात कोंडलं गेलं तर चावतं. पिल्लं असलेली कुत्री मात्र यातला एकही इशारा न देता थेट धावून येऊ शकते. पार्किंगमध्ये कुठे व्याली आहे हे वॉचमनला ठाऊक असतंच. ते सगळ्या रहिवाशांपर्यंत पोचवायला हवं.

अशा वेळी पळू नका, ओरडू नका, हात उगारू नका. डोळ्यांत डोळे घालू नका. थोडं तिरकं उभं राहा, हात अंगाशी ठेवा आणि पाठ न फिरवता सावकाश बाजूला सरका. पिशवी किंवा हेल्मेट तुमच्या आणि त्याच्या मध्ये धरा. दुचाकीवर असाल तर वेग वाढवण्यापेक्षा कमी करा. धावणाऱ्या चाकामागे लागणारं कुत्रं गाडी थांबली की बहुतेकदा थबकतं.

आणि तरीही चावलं, नखं लागून रक्त आलं किंवा जखमेला लाळ लागली, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, मिरची, चुना काही लावू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. रक्त आलं असेल तर रेबीजच्या लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही द्यावं लागतं, ते आवर्जून विचारा. लशीचे पुढचे डोस चुकवू नका.

मूळ इलाज ताटाची जागा बदलणं हाच आहे. पण हे एका रात्रीत करू नये. एका सोसायटीत गेटवर तीन कुत्री जेवत. आम्ही ताटं रोज पाच-सहा पावलं मागच्या भिंतीकडे सरकवली आणि वेळ साडेदहावरून आठवर आणली. पहिले काही दिवस साडेदहाला ती गेटवर येऊन बसायची. एका आजींना दया आली, त्यांनी बिस्किटं टाकली, आणि सगळं पुन्हा पहिल्यासारखं झालं. त्यांच्याशी बोललो, तेव्हा त्यांनीच मागच्या जागेची जबाबदारी घेतली. तेव्हापासून गेट मोकळं होत गेलं. प्रत्येक कुत्र्याला वेगळं ताट, दोन ताटांत चांगलं अंतर, अर्ध्या तासात ताटं उचलायची आणि फरशी धुवायची. उरलेलं तसंच ठेवलं की शेजारच्या गल्लीतली कुत्री येतात आणि मारामारीत मधल्या माणसाला दात लागतो.

हे कुणा एका प्राणिप्रेमीच्या गळ्यात टाकायचं काम नाही. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार आवारातल्या कुत्र्यांच्या खाण्याची सोय करणं ही रहिवासी संघटनेची जबाबदारी आहे. जागा मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यापासून आणि ये-जा करण्याच्या दारांपासून दूर हवी. लहान मुलं आणि ज्येष्ठांची वर्दळ कमी असेल अशी वेळ हवी. म्हणजे गेटवर खाणं घालू नका म्हणणारा शेजारी नियमाला धरूनच बोलत असतो, आणि आवारात खाणंच नको म्हणणारा नियमाबाहेर जातो. रस्त्यावर मात्र वाटेल तिथे घालता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात त्याला मनाई करून पालिकांना वॉर्डवार जागा ठरवायला सांगितलं आहे.

सभेत तीन गोष्टी लिहून घ्या : जागा आणि वेळ, आठवड्याची पाळी कोणाची, आणि नसबंदी व रेबीजची लस कोणत्या कुत्र्याची झाली. कानाला खाच असेल तर नसबंदी झालेली आहे. नसेल त्याचा फोटो काढून पालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाकडे द्या. खर्च मात्र इच्छुकांनीच वाटून घ्यावा, न घालणाऱ्याकडून वर्गणी मागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जागेवरून एकमत होत नसेल तर याच नियमांत प्राणी कल्याण समितीची तरतूद आहे. तिथे पशुवैद्यक, पोलीस, संघटना आणि तक्रारदार एकत्र बसतात, आणि जागा समिती ठरवते.