कापलेल्या कडा आणि नागमोडी रेघ

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, सभेची सूचना, निकालपत्र, जुन्या वर्तमानपत्राचे कात्रण, कुणाचे तरी निवेदन, असे सगळे आज आपल्याकडे स्क्रीनशॉटच्या रूपात येते. त्यातला मजकूर ओसीआरने, म्हणजे अक्षरओळख करणाऱ्या प्रणालीने, काढून आपण पुढे वापरतो. अशा मजकुरातल्या शंकास्पद शब्दांवर खूण कशी करावी, हा आजचा विषय आहे. मात्र खुणांकडे वळण्यापूर्वी शंका नेमकी कुठे घ्यायची हे पाहावे लागेल, आणि माझ्या मते आपले खरे दुर्लक्ष तिथेच होते.

सर्वसाधारण समजूत अशी असते की यंत्र जिथे चुकते तिथे विचित्र अक्षरे उमटतात, ती आपल्या डोळ्यांना खटकतात आणि मग आपण ती दुरुस्त करतो. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, १ आणि ९ यांच्यातल्या गल्लती या प्रकारच्या असतात, आणि बहुतेक वेळा वाक्याच्या अर्थावरून त्या पकडता येतात. कापलेल्या कडेने होणारी चूक मात्र खटकत नाही, कारण कापल्यानंतर जे उरते तेही अनेकदा पूर्ण, अर्थपूर्ण मराठी शब्द असते. आपल्या लिपीत वरची कड विशेष घातक ठरते. मात्रा, वेलांटीचे वळण, अनुस्वार आणि रफार हे सगळे शिरोरेघेच्या वर राहतात. स्क्रीनशॉट कापताना बोट शिरोरेघेवर थांबले, तर ‘मामी’च्या वेलांटीचे वळण जाते, उभा दंड तेवढा उरतो, आणि चित्रात ‘मामा’ असे अगदी निर्दोष अक्षर दिसते. यंत्र ‘मामा’ वाचते ते चुकीचे नसते, कारण त्याच्यासमोर तेवढेच आहे. खालची कड कापली गेली तर उकार जातात आणि ‘सून’चे ‘सन’ होते.

वरची कड कापली गेल्याची एक ओळख मी नेहमी सांगतो. मराठीत सहा-सात शब्दांची अशी ओळ सापडणे फार कठीण, की जिच्यात एकही मात्रा, एकही वेलांटी, एकही अनुस्वार नाही. चित्रातली पहिली ओळ तशी दिसली तर तिच्यातले सगळेच शब्द शंकास्पद धरावेत. त्या ओळीत यंत्राने ‘आहे’ असे बरोबर वाचलेले दिसले, तरी तिथली मात्रा चित्रातून आलेली नसून यंत्राने सवयीने भरलेली आहे. आजच्या अक्षरओळख प्रणाली शिकलेल्या मजकुराच्या आधाराने संभाव्य अक्षरक्रमाकडे झुकतात. त्यामुळे कधी शब्द बरोबर येतो, कधी चुकीचा येतो, पण दोन्ही वेळा तो सारखाच नितळ दिसतो.

आता एक उदाहरण तपशिलात पाहू, कारण त्यात माझी जुनी तक्रारही आहे. एका गृहनिर्माण संस्थेच्या सूचनेचा स्क्रीनशॉट, डावी कड कापली गेलेला, सभासदांमध्ये फिरत होता. संस्थेचे नाव इथे नको. त्यातून काढलेला मजकूर असा होता:

```
रील ठरावाबाबत मागील
ठकीत सभासदांनी घेतलेली हरकत
।मान्य करण्यात येत आहे.
```

ज्या सद्गृहस्थांनी हा मजकूर नीट करून पुढे पाठवला, त्यांनी पहिल्या ओळीत ‘वरील’ केले, दुसरीत ‘बैठकीत’ केले, आणि तिसऱ्या ओळीच्या आरंभीचा दंड धूळ समजून पुसून टाकला. हरकत मान्य झाली, अशी वार्ता सर्वत्र गेली. मूळ सूचनेत हरकत अमान्य झालेली होती. अनेक सभासदांनी त्या भरवशावर पुढील सभेची तयारीच केली नाही. या प्रसंगात मला सर्वांत जास्त खुपते ते हे की दुरुस्ती करणाऱ्याने प्रामाणिकपणे काम केले, दोन शब्द अगदी योग्य भरले, आणि त्यामुळे तिसऱ्या शब्दावरचा वाचकाचा संशय नाहीसा केला. ‘रील’ आणि ‘ठकीत’ तसेच राहिले असते, तर कुणाच्याही लक्षात आले असते की डावीकडे काहीतरी गेलेले आहे.

या तीन ओळींमध्ये सगळा पुरावा हजर होता. मजकूर डावीकडे एका रेषेत लावलेला असतो, म्हणून काप सरळ असेल तर प्रत्येक ओळीतून साधारण सारख्याच रुंदीचा भाग जातो. पहिल्या ओळीतून ‘व’ गेला, दुसरीतून ‘बै’ गेला, तर तिसरीतून काहीच गेले नाही हे संभवत नाही. शिवाय ‘अ’ हा ‘व’ आणि ‘ब’ यांच्यापेक्षा रुंद असल्याने त्याचा उजवीकडचा उभा दंड कापातून वाचला आणि यंत्राला पूर्णविरामाच्या दंडासारखा दिसला. वाक्याच्या मध्येच दंड कोण लिहील? तिसरा साक्षीदार शिरोरेघ आहे. पूर्ण शब्दाच्या डावीकडे थोडी तरी मोकळी जागा असते. शिरोरेघ थेट चित्राच्या कडेला टेकली असेल तर शब्द पलीकडून चालत आलेला आहे असे समजावे. या कसोटीला मर्यादाही आहे. ‘भ’ आणि ‘ध’ यांच्या डाव्या भागावर शिरोरेघ तुटलेली असते, म्हणून काप बरोबर त्यांच्या आधी पडला तर रेघ कडेला टेकलेली दिसणार नाही. आणि काप दोन शब्दांच्या मधल्या फटीतून गेला, तर एक अख्खा शब्द हरवूनही काहीच दिसणार नाही. अशा वेळी फक्त शेजारच्या ओळी आणि वाक्याची जोडणी मदतीला येते.

इथे यंत्राच्या आत्मविश्वासाविषयी बोलणे भाग आहे. टेसरॅक्ट ही मुक्त प्रणाली प्रत्येक शब्दासोबत विश्वासाचा आकडा देते, आणि बरेच लोक ठरावीक आकड्याखालचे शब्द रंगवून मोकळे होतात. तो आकडा चित्रात जे उरले आहे त्याच्याविषयीचा असतो. कडेपलीकडे काय होते, याविषयी त्याला काहीही म्हणायचे नसते. ‘मान्य’ला चांगला आकडा मिळू शकतो, कारण ‘मान्य’ ही अक्षरे खरोखर स्वच्छ छापलेली आहेत. म्हणून माझा आग्रह असा की संशयाचे दोन स्वतंत्र आधार मानावेत: कमी विश्वास हा एक, आणि कडेला टेकणे हा दुसरा. दुसऱ्यासाठी लागणारी माहितीही तीच प्रणाली देते:

```
magick notice.png -resize 300% -bordercolor white -border 10 big.png
tesseract big.png notice -l mar --psm 6 tsv
```

पहिली आज्ञा इमेजमॅजिक या चित्रे हाताळणाऱ्या प्रणालीची आहे; तिने चित्र तिप्पट होते आणि भोवती दहा पिक्सेलची पांढरी चौकट येते. स्क्रीनशॉटमधली अक्षरे लहान असतात आणि कडेला चिकटलेला मजकूर यंत्राला नीट वाचता येत नाही, म्हणून हे करावे लागते. दुसऱ्या आज्ञेने notice.tsv ही तक्ता-फाइल तयार होते. तिच्यात left, top, width, height हे शब्दाचे स्थान आणि conf हा विश्वासाचा आकडा असतो. फक्त एक सावधगिरी हवी. पांढरी चौकट लावल्यावर कापलेला शब्दही ऐटीत समास सोडून बसलेला दिसतो आणि पुरावा डोळ्यांआड होतो. म्हणून या चित्रात ज्यांचा left शून्याजवळ नव्हे तर दहाजवळ आहे, ते डाव्या कडेचे शब्द होत. उजव्या कडेसाठी left आणि width यांची बेरीज चित्राच्या रुंदीतून दहा वजा करून ताडावी. वरच्या आणि खालच्या कडेसाठी top आणि height यांचे असेच करावे.

विश्वासाच्या आकड्याची सीमा किती ठेवावी, असे मला नेहमी विचारतात. सर्वांना लागू पडेल अशी सीमा नाही. आपल्याकडच्या एका स्क्रीनशॉटचा मजकूर हाताने तपासावा, चुकलेल्या शब्दांचे आकडे पाहावेत आणि त्यावरून त्या प्रकारच्या चित्रांपुरती सीमा ठरवावी.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी माझ्यापुढे आली आहे, आणि खुणांचा मुख्य भाग अजून बाकी आहे, म्हणून आता थोडक्यात बोलतो.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. वि. सी. सुकथनकरांच्या संपादनाखाली १९३३मध्ये आदिपर्व पूर्ण झाले आणि १९६६मध्ये मूळ संहितेचे काम संपले. त्या आवृत्तीत ज्या पाठाविषयी संपादकांना पुरेशी खात्री नव्हती, त्याच्याखाली नागमोडी रेघ छापलेली आहे. संपादकांनी पाठ निवडला, पण निवड कमी खात्रीची आहे हे वाचकाला तिथल्या तिथे सांगितले. मला स्क्रीनशॉटच्या मजकुरात हीच शिस्त हवी आहे. ती रेघ मात्र जशीच्या तशी घेता येत नाही. मजकूर नक्कल करून दुसरीकडे चिकटवला की रेघ गळून पडते, आणि संगणकावर नागमोडी रेघ दिसली की लोक ती शुद्धलेखन-तपासणीची समजतात. कोरीव लेख आणि पपायरसचे अभ्यासक १९३१मध्ये लायडन येथे ठरलेल्या संकेतांनुसार शंकास्पद अक्षराखाली बिंदू देतात. देवनागरीत तोही चालणार नाही, कारण अक्षराखालच्या बिंदूला आपल्याकडे नुक्त्याचे काम आहे. म्हणून खूण साध्या टंकित चिन्हांचीच हवी.

मी तीन खुणा सुचवतो. वाचलेला पण खात्री नसलेला शब्द असेल तर त्याच्या लगेच मागे (?) लिहावे, आणि दुसरा पाठ संभवत असेल तर तोही द्यावा, जसे ‘घर(? धर)’. गेलेला आणि ओळखता न येणारा भाग असेल तिथे [...] ठेवावे. आपण तर्काने भरलेला भाग चौकटी कंसात लिहावा. या शेवटच्या खुणेत आपल्या लिपीची एक अट आहे. लायडनची पद्धत एकेका अक्षरचिन्हाला कंस करते, पण आपण ‘माम’नंतर एकटी वेलांटी कंसात टाकली, तर ती टेकायला व्यंजन नसल्यामुळे ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकते. म्हणून कंस नेहमी पूर्ण अक्षराला करावा: मा[मी]. कंसामुळे शब्द शोधताना अडचण येते हे खरे आहे, म्हणून शोधासाठी कंस काढलेली प्रत हवी असेल तर ती वेगळी ठेवावी, पण पुढे पाठवताना खुणांचीच प्रत पाठवावी.

या नियमांनी आपली सूचना अशी लिहिली जाते:

```
[व]रील ठरावाबाबत मागील
[बै]ठकीत सभासदांनी घेतलेली हरकत
[अ]मान्य(?) करण्यात येत आहे.
[डावी कड कापलेली; प्रत्येक ओळीत सुमारे एक अक्षर]
```

तिसऱ्या ओळीत भर घातल्यावरही प्रश्नचिन्ह ठेवले आहे, कारण ‘वरील’ चुकले तर बिघडत नाही, पण इथे एका अक्षराने निर्णय उलटतो. चौथी ओळ मजकुराचाच भाग मानावी आणि ती वगळून नक्कल करू नये. मूळ चित्रही पुसू नये. मजकूर आणि चित्र या दोन्ही फाइलींना एकच नाव द्यावे, म्हणजे ज्याला (?) दिसेल त्याला स्वतः उघडून पाहता येईल आणि मूळ सूचना मिळाल्यावर ती खूण काढताही येईल.