काळ्या डायवर ब्राउन का चढत नाही

नमस्कार श्रोतेहो. केस रंगवणं हे माझं रोजचं काम आहे. या कामात एक तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे, की आज फक्त तिच्याबद्दलच बोलायचं ठरवलं आहे. दोन-तीन वर्षं घरी डब्यातला काळा डाय लावलेला असतो. मग एक दिवस वाटतं, आता जरा हलकं ब्राउन करू या. डब्यावरचा फोटो छान असतो, म्हणून तो डबा आणला जातो आणि सांगितलेल्या वेळेपर्यंत नीट लावून ठेवला जातो. केस धुतल्यावर आरशात बघितलं, तर लांबीभर केस होते तसेच काळे असतात आणि मुळांपाशी दोन-तीन सेंटिमीटर तांबूस पट्टा उमटलेला असतो. मग दुसरा डबा येतो. त्यानं मुळं आणखी तांबडी होतात, खालचे केस मात्र काळेच राहतात.

असं का होतं, ते आधी सांगते, कारण एवढं कळलं की पुढचे बरेच पैसे आणि बरेच केस वाचतात.

कायमचा डाय म्हणजे केसावर बसणारा रंग नव्हे. डब्यात दोन बाटल्या असतात. एकीतल्या क्रीममध्ये रंगाचे अगदी लहान, जवळपास बिनरंगी कण असतात आणि सोबत अमोनियासारखं काहीतरी असतं. दुसरीत पेरॉक्साइड असतं, त्याला आपण डेव्हलपर म्हणतो. अमोनियामुळे केस फुगतो आणि त्याच्या वरची खवल्यांसारखी साल उघडते. लहान कण आत शिरतात. आत गेल्यावर पेरॉक्साइडमुळे ते एकमेकांना जोडले जातात, मोठे होतात, आणि मोठे झाल्यामुळे आले त्या वाटेनं बाहेर पडू शकत नाहीत. म्हणून तो रंग शांपूनं जात नाही.

आता याच पेरॉक्साइडचं दुसरं काम बघा. केसाचा स्वतःचा रंग, म्हणजे मेलॅनिन, ते थोडंफार तोडतं. हलक्या ब्राउन डब्यातलं पेरॉक्साइड जन्मजात काळे केस एक-दोन छटांनी उजळवतं आणि मग त्यात ब्राउन भरतं. पण आत अडकलेल्या डायच्या कणांना ते तोडू शकत नाही. ते मेलॅनिन नव्हेत, त्यांची घडण वेगळी आहे. म्हणजे नवा ब्राउन डाय काळ्या डायच्या शेजारी जाऊन बसतो आणि काळ्यात दिसेनासा होतो. मुळांशी वाढलेल्या नव्या केसांत डाय नसतो, तिथं मेलॅनिनच असतं, शिवाय टाळूची ऊब मिळते, म्हणून ती तेवढी उजळतात. आमच्या कामात हे पहिल्याच दिवशी शिकवतात: डाय डायला उजळवत नाही.

मग काय करायचं? मागच्या वर्षी माझ्याकडे आलेल्या एका बाईंचंच उदाहरण घेते. त्यांचे केस साधारण ४५ सेंटिमीटर लांब होते. दोन वर्षं, दर सहा आठवड्यांनी, आणि दर वेळी मुळांपासून टोकांपर्यंत काळा डाय. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे त्यांच्या मुळांपासून पंधराएक सेंटिमीटरवरच्या केसांना वर्षभराचा, आठेक वेळचा डाय बसलेला होता आणि टोकांना सोळा-सतरा वेळचा. डोक्यावर एकच काळा रंग दिसत असला, तरी माझ्यापुढे वेगवेगळे केस होते. वर तीन सेंटिमीटर तांबूस पट्टा होताच, घरी केलेल्या ब्राउनच्या प्रयोगाचा.

मी त्यांना विचारलं, काळी मेहंदी, नीळ किंवा डब्यावर घटक न लिहिलेली एखादी पावडर कधी लावली होती का? हे विचारावंच लागतं. काही पावडरींमध्ये धातूचे क्षार असतात. अशा केसांवर ब्लीच किंवा पेरॉक्साइड पडलं, तर केस तापतात, कधी धूरही निघतो, आणि बट हातात येते. त्यांनी असं काही लावलं नव्हतं, स्ट्रेटनिंगही केलेलं नव्हतं. तरीसुद्धा मानेजवळची, आतली, दिसणार नाही अशी एक बारीक बट कापून तिच्यावर आधी सगळं करून बघितलं. ही बट-परीक्षा घरी करणाऱ्यांनीही टाळू नये. केस किती उजळतील आणि किती झेपेल, हे त्या बटेइतकं खरं दुसरं कुणी सांगत नाही.

पहिलं पाऊल ब्लीचचं नव्हतं. कलर रिमूव्हर म्हणून एक वस्तू मिळते. दोन बाटल्यांतलं मिश्रण असतं आणि त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो, कारण त्यात गंधकाचं संयुग असतं. ते डायचे जोडलेले कण पुन्हा सुटे करतं. सुटे झाले की ते लहान होतात, आणि पाण्याबरोबर बाहेर येऊ शकतात. मेलॅनिनला ते हात लावत नाही, त्यामुळे ब्लीचच्या मानानं केसांना फारच कमी त्रास होतो.

इथं सगळा खेळ धुण्याचा आहे. सुटे झालेले कण केसात राहून गेले आणि हवेशी किंवा पुढच्या पेरॉक्साइडशी गाठ पडली, की ते परत जुळतात. केस धुऊन बाहेर पडताना छान ब्राउन दिसतात, आणि दोन दिवसांनी परत काळे! लोक म्हणतात रिमूव्हर खोटं निघालं. खरं म्हणजे धुणं कमी पडलेलं असतं. मी त्या बाईंच्या डोक्यावर मिश्रण डब्यावर लिहिलेल्या वेळेपुरतं, टोपी घालून ठेवलं आणि मग घड्याळ लावून वीस मिनिटं कोमट पाण्यानं धुतलं. अधूनमधून शांपू, पुन्हा पाणी. वीस मिनिटं नळाखाली मान वाकवून बसणं सोपं नाही, पण त्यांनी ते केलं. एकदा सगळं वाळवून बघितलं, आणि त्याच दिवशी दुसऱ्यांदा लावलं.

वाळल्यावर जे दिसलं, ते बघून त्या जरा घाबरल्या. वरचा भाग तांबूस ब्राउन, मधला गडद लालसर, आणि शेवटचे दहा सेंटिमीटर अजून जवळपास काळे. त्यांना वाटलं होतं, डाय गेला की आपले जुने काळेभोर केस दिसतील. तसं होत नाही. दर वेळच्या डायमधल्या पेरॉक्साइडनं आतलं मेलॅनिन थोडं थोडं उजळवलेलं असतं, आणि काळे केस उजळताना आधी लाल, मग केशरी, मग पिवळे होतात. वरचा डाय निघाल्यावर तो लालसरपणा उघडा पडतो.

पण हलक्या ब्राउनसाठी ही चांगली बातमी आहे, आणि हे मला ठासून सांगायचं आहे. हलका ब्राउन हा सोनेरी रंग नव्हे. छटांच्या क्रमात काळा एक नंबरचा, हलका ब्राउन पाचचा. पाचच्या खाली जो आधाररंग लागतो, तो भाजलेल्या विटेसारखा लालसर केशरी. पिवळ्यापर्यंत जायची गरजच नाही. पुष्कळ जण ब्लीच लावून केस पिवळे होईपर्यंत थांबतात, मग त्यावर ब्राउन लावतात, आणि तो आठ दिवसांत उतरून हिरवट-मातकट होतो. आत धरून ठेवायला काही उरलेलंच नसतं.

आम्ही आठ दिवस थांबलो. केस परत काळपट झाले का, हे बघायचं होतं. झाले नाहीत. टोकांचे पाच सेंटिमीटर कापले, सोळा-सतरा थरांशी भांडण्यापेक्षा तेच बरं. उरलेल्या पाच सेंटिमीटरना तीन टक्के डेव्हलपरमध्ये कालवलेलं ब्लीच लावलं, फक्त तेवढ्यालाच. दर पाच मिनिटांनी एक बट पुसून बघत होते. विटेचा रंग दिसला, की धुऊन टाकलं. त्याआधी त्या भागातला एक ओला केस बोटांत धरून हलकेच ताणला होता. ताणला जाऊन परत आखडला, तर चालतं. च्युइंगमसारखा लांबला आणि तसाच राहिला, किंवा तुटला, तर ब्लीच लावायचं नाही. त्या केसांचं भवितव्य कात्रीच.

मग रंग. कायमचा नव्हे, अमोनिया नसलेला, सौम्य डेव्हलपरचा रंग घेतला, ज्याला आम्ही डेमी म्हणतो. मुळांच्या तांबूस पट्ट्याला पाच नंबरचा, अर्धा साधा ब्राउन आणि अर्धा राखी. राखीत निळसर अंश असतो, तो केशरीला मारतो. लांबीला मात्र पाच नव्हे, सहा नंबरचा, तसाच अर्धा-अर्धा. रिमूव्हर आणि ब्लीच झालेले केस स्पंजासारखे रंग पितात. त्यांना पाचचा लावला असता, तर तीन-चारसारखा गडद दिसला असता. आधी मुळं, आणि शेवटच्या दहा मिनिटांत लांबी. मध्येच एक बट कापसानं पुसून बघितली, आणि मनासारखी छटा दिसताच धुतलं. दोन दिवस आधी कानामागे रंगाचा ठिपका लावून ॲलर्जीची खात्री करून घेतली होती. आधी कितीही वेळा डाय लावलेला असला, तरी हे दर वेळी करायचं, कारण ॲलर्जी नंतरही उद्भवते.

निकाल म्हणाल तर एकसारखा हलका ब्राउन नव्हता. टोकांकडे अर्धी छटा गडद राहिली होती, उन्हात तांब्याची झाक येत होती. त्यांना ती आवडली. मला अजून महिनाभरानं एक हात फिरवावासा वाटत होता, पण केस दमलेले असताना हात आवरावा लागतो.

लिंबू, बेकिंग सोडा, कोंड्याचा शांपू यांच्याबद्दल फार विचारतात. डाय अगदी ताजा असेल, तर थोडा फिका पडतो. वर्षा-दोन वर्षांचा हलत नाही, केस मात्र खरखरीत होतात. आणि ज्यांच्या केसांत मेहंदी किंवा नीळ आहे, त्यांच्यावर रिमूव्हर चालत नाही. तो डायच्या जोडण्या सोडवतो, मेहंदीच्या नाही. अशांना मी काळं लावणं थांबवून, वाढणाऱ्या केसांत बारीक बारीक हलक्या बटा काढत जायला सांगते. म्हणजे काळी सीमारेषा उठून दिसत नाही, आणि दर कापण्याबरोबर काळा भाग कमी होत जातो. खांद्याएवढ्या केसांना दीड-दोन वर्षं लागतात.

त्या बाई आता दर दोन महिन्यांनी येतात. डेमी काळे केस फारसा उजळवत नाही, म्हणून मुळांपाशी वाढलेल्या दोन-अडीच सेंटिमीटरना पाच नंबरचा कायमचा डाय लागतो. त्या भागात जुना डाय नाही, त्यामुळे तो उजळतो. ब्रश जुन्या केसांच्या सीमेवर थांबतो, टोकांपर्यंत ओढायचा नाही. लांबी फिकी वाटली, तर तिथं पाच मिनिटं डेमी.

नमस्कार.