पाईप फुटला, अर्ज लिहायचाय

नमस्कार मंडळी. परवा आमच्या शेजारच्या वहिनी अर्ज घेऊन आल्या, म्हणाल्या भाऊ, ग्रामपंचायतीत द्यायचाय, जरा शुद्धलेखन बघा. साकवाजवळ पाईप फुटलाय, पाणी सगळं पऱ्यात जातंय, नि मे महिन्याचे दिवस, घराघरात मुंबईकर आलेले. त्यांनी लिहिलं होतं, ‘आमच्या वाडीतील घराचे पाणी आठ दिवसापासुन बंद आहे. साकवाजवळ जलवाहिनी फुटला आहे. तरी दुरूस्त करुन द्यावी.’

आता ‘घराचे’ बघा. ‘रा’वर टिंब नाही, म्हणजे घर एकच. वाचणाऱ्याला वाटणार ह्यांच्या एका नळाची तक्रार आहे, नि इथे तर वाडीतल्या 22 घरांचं पाणी बंद. बोलताना आपण तो अनुस्वार नीट उच्चारतच नाही म्हणून लिहितानाही सुटतो. मी सांगतो की आधी आकडा घाला, 22 घरांचे, 8 दिवसांपासून, आकडा एकापेक्षा मोठा असला नि पुढच्या शब्दाला प्रत्यय लागला की टिंब द्यायचंच. आणि आकडा आला की ऑफिसातल्या माणसालाही किती घरं ते कळतं, परत विचारायला नको.

दुसरं म्हणजे ‘जलवाहिनी फुटला’. हे कसं होतं माहितीये, मनात असतो पाईप, तो फुटला, मग अर्जात भारी शब्द हवा म्हणून जलवाहिनी घालतो नि क्रियापद तसंच राहतं. ती जलवाहिनी, ती फुटली. मला विचाराल तर पाईप लिहिलात तरी काही बिघडत नाही, फक्त मग शेवटपर्यंत ‘तो’ ठेवा.

राहिले उकार. करून, म्हणून, पासून, ह्यांत शेवटच्या ‘न’च्या आधी नेहमी दुसरा उकार, म्हणजे दीर्घ. ‘दुरुस्त’मध्ये मात्र दोन्ही पहिले. आणि विहीर लिहिताना ‘ही’ला दुसरी वेलांटी, पण विहिरीवरून म्हटलं की त्याच ‘हि’ची पहिली होते, पुढे प्रत्यय आला ना, म्हणून. बोलण्यातलं झालंय, जातंय हे अर्जात झाले आहे, जात आहे असं लिहायचं.

मग वहिनींनी नवीन कागदावर लिहिलं, सावकाश वाचतो हां. ‘आमच्या वाडीतील 22 घरांचे पाणी 8 दिवसांपासून बंद आहे. साकवाजवळ जलवाहिनी फुटली असून पाणी वाया जात आहे. सध्या आम्ही विहिरीवरून पाणी आणत आहोत. तरी जलवाहिनी लवकरात लवकर दुरुस्त करून मिळावी, ही विनंती.’ वर तारीख नि विषय, खाली सह्या.

आणि हो, दोन प्रती न्या, एक तिथे द्या नि दुसरीवर शिक्का मारून पोच घ्या.