मेन स्टँडवरची स्कूटर

(पार्किंग. रात्र. कॅमेऱ्यातलं काळंपांढरं चित्र.)

पुण्यात सिंहगड रस्त्यावरची ही एक सोसायटी. दोन विंग, खाली पार्किंग, गेटला लागून वॉचमनची केबिन. केबिनमधले काका मूळचे वाशिम जिल्ह्यातले. ड्यूटी संध्याकाळी सात ते सकाळी सात.

ए विंगमधल्या एक ताई खासगी हॉस्पिटलात नर्स आहेत. फर्स्ट शिफ्ट असली की पावणेसहाला निघतात. एका सकाळी त्या केबिनपाशी थांबल्या.

"काका, रात्री माझ्या गाडीला कोण हात लावतं?"

"पेट्रोल कमी झालंय का?"

"नाही. पण मी साइड स्टँडला लावते, सकाळी मेन स्टँडला असते. तोंडही फिरलेलं असतं. हँडल लॉक तुटत नाही म्हणून सोडून जात असणार."

शंका रास्त होती. सेक्रेटरींनी काकांना फुटेज बघायला सांगितलं.

(डीव्हीआरचा पडदा.)

आता, रात्रभराचं फुटेज बघायचं म्हणजे रात्रभर बसायचं का? मशीनमध्ये हालचाल झालेल्या जागा शोधायची सोय असते, पण पार्किंगच्या कॅमेऱ्यापुढे कोळ्यानं जाळं विणलं होतं. रात्री कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, त्या उजेडात जाळ्याचा धागा पांढराफेक चमकतो आणि वाऱ्यानं हलला की मशीन म्हणतं, हालचाल झाली. यादीत अख्खी रात्रच लाल.

काकांनी साधी युक्ती केली. बाराला बघितलं, स्कूटरचं तोंड भिंतीकडे. चारला बघितलं, तोंड बाहेर. म्हणजे जे काही झालं ते या चार तासांत. मग दोन. भिंतीकडे. तीन. बाहेर. अडीच. भिंतीकडे. उरला अर्धा तास. तो आठपट वेगानं पळवला.

पडद्यावर दोन वाजून अडतीस मिनिटं. पाठीला सॅक लावलेला एक तरुण येतो. इकडेतिकडे बघतही नाही. स्कूटर मेन स्टँडवर घेतो आणि स्टँडवरच थोडी थोडी फिरवत तिचं तोंड बाहेरच्या बाजूला करतो. कुलपाला हात नाही, डिकीला हात नाही. सीटवरच्या धुळीनं माखलेला हात तेवढा पँटला पुसतो आणि जिन्याकडे निघून जातो.

चेहरा? कॅप खाली ओढलेली, त्यात इन्फ्रारेडचा उजेड. नुसता पांढरा ठिपका.

मग काकांनी गेटचं रजिस्टर काढलं. पण दोन अडतीसला कुणाचीच नोंद नाही. तेव्हा त्यांना मशीनच्या घड्याळाचा संशय आला. पाण्याची मोटर ते रोज बरोब्बर पाचला सुरू करतात. पंपाजवळच्या कॅमेऱ्यात स्वतःलाच शोधलं, तर तिथे पाच वीस. मशीन वीस मिनिटं पुढे! म्हणजे खरी वेळ दोन अठरा. आणि रजिस्टरमध्ये दोन पंधराला नोंद होती: कॅब, बी विंग. कॉल सेंटरमधला मुलगा.

एका रात्रीवरून ठरवणं काकांना पटेना. मागच्या रात्री उघडल्या. ज्या रात्री कॅबची नोंद, त्या रात्री स्कूटर फिरलेली. शनिवार-रविवार त्याची सुट्टी, त्या रात्रींनंतर सकाळी स्कूटर भिंतीकडेच. सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग पंधरा दिवसांचं. त्याच्या आधीचं मशीन स्वतःच पुसून टाकतं. पंधराव्या दिवशीही मुलगा गाडी फिरवतच होता.

(सोमवारची सकाळ. त्याच पार्किंगचं फुटेज.)

हे का, ते या सकाळी दिसतं. पार्किंगच्या फरशीला भिंतीकडे उतार आहे, धुतलेलं पाणी तिकडच्या नालीत जावं म्हणून. स्कूटरचं वजन शंभर किलोच्या वर. ती मागे, चढावर ओढायची. ताईंच्या उजव्या मनगटाला पट्टा. एकदा ओढतात, गाडी परत उतरते. पुन्हा ओढतात. शेवटी कंबर लावून बाहेर काढतात. गाडीचं तोंड बाहेर असेल त्या दिवशी हेच काम एका झटक्यात होतं.

दोघांची ओळख? काकांच्या माहितीत तरी नाही. मनगटाचं त्याला कुठून कळलं, हे फुटेजमध्ये नाही आणि काकांनी विचारलंही नाही.

सेक्रेटरींना क्लिप सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायची होती. काका म्हणाले, "साहेब, नको. त्याला विचारल्याशिवाय नको. उद्यापासून लाजून बंद करेल." त्यांनी रजिस्टरमध्ये एवढंच लिहिलं: 'पार्किंग तपासलं. चोरीचा प्रकार नाही.' क्लिप फक्त ताईंना दाखवली.

ताईंनी ती दोनदा बघितली. बोलल्या काहीच नाहीत. पण त्या दिवसापासून ताई रात्री गाडी मेन स्टँडलाच लावतात, आणि हँडल लॉक करत नाहीत. फिरवायला सोपं जावं म्हणून.

काकांना हे अजिबात पसंत नाही. लॉक नसलेली गाडी म्हणजे जबाबदारी त्यांच्यावर. रात्रीच्या राउंडला आता त्यांची पार्किंगची एक फेरी वाढली आहे. केबिनमध्ये परतताना ते कॅमेऱ्यापुढचं जाळंही झाडूनं काढतात. दोन दिवसांत कोळी ते पुन्हा विणतो.