पंचगंगेकाठी दोनशे हॉर्सपॉवरची मोटर: ट्रान्सफॉर्मर किती केव्हीएचा?

[दृश्य: नदीकाठचं जॅकवेल, वर उंचावर ट्रान्सफॉर्मर, मधून गेलेली केबल]

निवेदन:

कोल्हापूरच्या नदीकाठी उपसा सिंचनाचा पंप खाली पाण्याजवळ असतो आणि ट्रान्सफॉर्मर वर, उंच जागी. 2019 आणि 2021 चे महापूर पाहिलेल्या गावांना त्याचं कारण सांगावं लागत नाही. पण या उंचीपायी मध्ये लांब केबल येते. मोटर सुरू होताना तिचाही हिशेब धरावा लागतो.

आपलं उदाहरण 150 किलोवॅटच्या, म्हणजे साधारण दोनशे हॉर्सपॉवरच्या मोटरचं. व्होल्टेज 415. कार्यक्षमता 94 टक्के आणि पॉवर फॅक्टर 0.86 धरला, तर चालू मोटरला सुमारे 185 केव्हीए लागतात, म्हणजे 258 अँपिअर. एवढ्यावरून 200 केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर पुरेल असं वाटतं. चालवायला तो पुरतोही. अडचण सुरुवातीच्या काही सेकंदांत असते.

[दृश्य: मोटरची नेमप्लेट, स्टार्टर पॅनेल]

थेट सुरू केलेली मोटर पहिल्या क्षणी सहापट करंट ओढते, म्हणजे जवळजवळ 1,550 अँपिअर. ट्रान्सफॉर्मरचं बिनभाराचं व्होल्टेज 433 असतं. त्या व्होल्टेजला ही मागणी सुमारे 1,210 केव्हीए होते. समोर पुरवठ्याची ताकद किती, ते आता काढू. ट्रान्सफॉर्मरच्या नेमप्लेटवर इम्पीडन्स 4.5 टक्के असेल, तर 200 भागिले 0.045 म्हणजे 4,444 केव्हीए. मागचा 11 केव्हीचा फीडरही अमर्याद नसतो. शेवटच्या टोकाला त्याची फॉल्ट लेव्हल, म्हणजे शॉर्ट सर्किट झालं तर तिथे मिळू शकणारी ताकद, 50 एमव्हीए धरली, तर दोन्ही मिळून 4,080 उरतात. हे आकडे साध्या बेरजेनं जोडायचे नाहीत. त्यांचे व्यस्तांक जोडायचे.

[पडद्यावर]

व्होल्टेजची घट = मोटरची मागणी ÷ (मोटरची मागणी + पुरवठ्याची ताकद)

निवेदन:

1,210 भागिले 5,290, म्हणजे 23 टक्के. 433 चे 334 व्होल्ट होतात. 120 मीटरची, 300 चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियम केबल दोन रन टाकली तरी आणखी तेराचौदा व्होल्ट जातात. मोटरच्या टर्मिनलवर 320 उरतात. टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून तो साठ टक्क्यांवर येतो. मोटर जड आवाज करत हळूहळू वेग घेते आणि तितका वेळ तिची वाइंडिंग तापत राहते.

एवढ्यावर थांबलं तर बरं. जानेवारीनंतर काठावरचे सगळे पंप एकदम चालू असतात. तेव्हा 11 केव्हीच्या जागी 10.2 मिळाले, तर सुरुवातच 400 व्होल्टपासून होते आणि स्टार्टरपाशी तीनशेही उरत नाहीत. स्टार्टरमध्ये मोटरची वीज जोडणारा-तोडणारा विद्युतचुंबकी स्विच म्हणजे कॉन्टॅक्टर. त्याची 415 व्होल्टची कॉइल 75 टक्क्यांच्या, म्हणजे 311 व्होल्टच्या खाली सुटू शकते. कॉन्टॅक्टर सुटला की भार जातो, व्होल्टेज परत चढतं, आणि कंट्रोल सर्किटचा आदेश कायम असेल तर तो पुन्हा ओढला जातो. पॅनेलमधून खडखडाट ऐकू आला तर आधी संपर्क-बिंदू तपासा. ते जळायला लागलेले असतात.

मग ट्रान्सफॉर्मर मोठा घ्यायचा का? याच फीडरवर घट 15 टक्क्यांच्या आत हवी असेल, तर 315 केव्हीएचा घेऊनही ती साडेसोळा राहते. 400 केव्हीएचा घेतल्यावर चौदाच्या आसपास येते. पण फीडरची फॉल्ट लेव्हल 20 एमव्हीएच असेल, तर 400 केव्हीएलाही साडेसोळाच येते. म्हणून वीज कंपनीकडून हा आकडा आधी मागवावा. अंदाजावर ट्रान्सफॉर्मरची मागणी नोंदवू नये. शिवाय मोठ्या ट्रान्सफॉर्मरचा बिनभाराचा लॉस पावसाळ्यात पंप बंद असतानाही चालूच राहतो.

[दृश्य: स्टार-डेल्टा स्टार्टर, टायमरवर हात]

सेंट्रिफ्युगल पंपाला आमच्या मते स्टार-डेल्टा आणि 250 केव्हीए हा मेळ चांगला. हा स्टार्टर मोटरची वाइंडिंग सुरुवातीला स्टारमध्ये आणि वेग आल्यावर डेल्टामध्ये जोडतो. स्टारमध्ये लाइन करंट एक तृतीयांश होतो. मागणी 404 केव्हीए, घट साडेसात टक्के, ट्रान्सफॉर्मरपाशी 400 व्होल्ट. टॉर्कही एक तृतीयांशच मिळतो, पण डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद ठेवून सुरू केलेल्या अशा पंपाला तो सहसा पुरतो. चालू भार 250 च्या 74 टक्के, त्यामुळे थोडी शिल्लकही राहते.

बिघडतं ते टायमरवर. मोटरनं पुरेसा वेग घेण्याआधी डेल्टा पडला, तर करंट पुन्हा थेट सुरुवातीच्या जवळ उडी मारतो आणि सगळा हिशेब वाया जातो. ॲमीटर पाहत टायमर लावावा: स्टारमधला करंट उतरून स्थिर झाल्यावरच बदल व्हायला हवा. काटा उतरलाच नाही, तर टायमर वाढवून उपयोग नाही. व्हॉल्व्ह उघडा राहिलाय का, पंप जाम आहे का, ते बघावं.