दोनशे पिल्ले, एकसष्ट माद्या : बटेरपालनाच्या पहिल्या बॅचचा हिशोब

मंडळी, मुलुंडच्या या सभागृहात बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांची बदलापूर, कर्जत, मुरबाड किंवा वसईकडे थोडीफार जागा आहे आणि तिथे बटेर पाळायचे त्यांच्या मनात आहे, असे आयोजकांनी मला सांगितले. म्हणून आज मी माझ्या पहिल्या बॅचचाच हिशोब तुमच्यासमोर मांडणार आहे. बदलापूरच्या शेडमध्ये जुलै महिन्यात मी एक दिवसाची २०० पिल्ले आणली होती आणि सात आठवड्यांनी त्यातल्या अंडी देणाऱ्या माद्या उरल्या ६१. हे नुकसान कुठे कुठे झाले, ते मी त्या वेळी वहीत रोज लिहून ठेवले होते.

आधी पक्ष्याविषयी थोडे सांगतो. आपण पाळतो तो जपानी बटेर. आपल्या माळरानावर मिळणारे रानलावे हा वेगळा पक्षी आहे, त्याला वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे आणि त्याला पकडणे गुन्हा आहे; म्हणून पिल्ले नेहमी हॅचरीतून घ्यावीत आणि बिल जपून ठेवावे. जपानी बटेर १९७४ साली अमेरिकेतून भारतात आणला गेला आणि बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने त्याच्यावर पुढे मोठे काम केले. अंड्यातून पिल्लू बाहेर यायला १७-१८ दिवस लागतात, मादी सहाव्या-सातव्या आठवड्यात अंड्यावर येते आणि चांगली सांभाळली तर वर्षाला अडीचशेच्या आसपास अंडी देते. एक अंडे साधारण दहा ग्रॅमचे असते. पण जन्मलेल्या पिल्लाचे वजन असते सात-आठ ग्रॅम, आणि माझे निम्म्याहून जास्त नुकसान त्या सात-आठ ग्रॅममध्येच आहे.

पहिल्या संध्याकाळी ६ पिल्ले मेली. ती प्रवासाने दमलेली होती आणि माझे ब्रूडर ती आल्यानंतर पेटले, म्हणजे उबेसाठी त्यांना दोन तास थांबावे लागले. ब्रूडर पिल्ले येण्याच्या आदल्या रात्रीच चालू करून ठेवायचे असते. पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर पहिल्या आठवड्यात ३५ ते ३७ अंश सेल्सियस तापमान लागते, मग दर आठवड्याला सुमारे तीन अंशांनी ते कमी करत न्यायचे आणि तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी, हवा गार नसेल तर, ऊब बंद करायची. तापमापक लावाच, पण पिल्लांकडेही पाहा. पिल्ले बल्बखाली एकावर एक चढून चिवचिवत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे. बल्बपासून लांब, चोच उघडी ठेवून कडेला पसरली असतील तर ऊब जास्त झाली आहे. सगळी एकाच कोपऱ्यात जमली असतील तर दुसऱ्या बाजूने वारा लागतो आहे. सगळीकडे सारखी विखुरलेली, खात-पीत, शांत आवाज करणारी पिल्ले दिसली की समजावे, जमले.

दुसऱ्या दिवशी १४ पिल्ले पाण्याने गेली. कोंबडीच्या पिल्लांसाठी मिळते तेच पाण्याचे भांडे मी ठेवले होते. बटेरचे पिल्लू आपल्या अंगठ्याच्या पेरापेक्षा फारसे मोठे नसते. ते पन्हळीत उतरते, त्याला बाहेर येता येत नाही, आणि आले तरी ओले अंग काही मिनिटांत गार पडून ते मरते. उपाय अगदी साधा आहे. पन्हळीत गोट्या किंवा धुतलेली बारीक खडी भरायची, म्हणजे चोच बुडेल एवढेच पाणी फटीत दिसते. पहिले सात-आठ दिवस हे ठेवावेच लागते. त्याच दिवसांत मी खाली वर्तमानपत्र अंथरले होते. त्या गुळगुळीत कागदावर पिल्लांचे पाय दोन्ही बाजूंना फाकतात आणि पुन्हा जवळ येत नाहीत. अशी ७ पिल्ले पुढच्या काही दिवसांत खाण्यापर्यंत पोहोचू शकली नाहीत म्हणून गेली. कागदाऐवजी गोणपाट किंवा पन्हळी पुठ्ठा अंथरला असता तर ती सातही वाचली असती, हे मला आजही बोचते.

सगळ्यात मोठा घाव चौथ्या रात्रीचा. पाऊस कोसळत होता, रात्री अडीचच्या सुमारास वीज गेली आणि मी झोपेत होतो. सकाळी सहाला शेडमध्ये गेलो तेव्हा पिल्लांचा एक घट्ट ढीग कोपऱ्यात होता. वरची जिवंत होती, खालची ३१ चेंगरून गुदमरली होती. ब्रूडरला काटकोनी कोपरे होते हा अर्धा दोष. पिल्लांभोवतीचे कुंपण गोल असावे, म्हणजे दाटी करायला कोपराच मिळत नाही. उरलेला अर्धा दोष दुसऱ्या उबेची सोय नसण्याचा. इन्व्हर्टर असेल तर उत्तमच, नसेल तर गरम पाण्याच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून ठेवता येतात, पण त्यासाठी पहिले दहा दिवस कुणीतरी शेडजवळच झोपले पाहिजे. कोळशाची शेगडी बंद शेडमध्ये ठेवू नये. तिच्या धुरापेक्षा न दिसणारा वायू जास्त घातक असतो, पिल्लांनाही आणि झोपलेल्या माणसालाही.

अशी ५८ गेली आणि दोन आठवड्यांनी १४२ उरली. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी छातीच्या पिसांवरून नर-मादी ओळखता येतात: नराची छाती तांबूस विटकरी, मादीची करडी आणि तिच्यावर काळे ठिपके. माझ्याकडे ६८ नर आणि ७४ माद्या निघाल्या. खायच्या अंड्यांसाठी नराची काहीच गरज नसते, म्हणून नर लगेच वेगळे करून पाच-सहा आठवड्यांचे झाले की मांसासाठी विकायचे असतात. मी त्यांना दाटीने एकाच पिंजऱ्यात कोंबले आणि ५ नर एकमेकांच्या टोचण्याने मेले. ६३ विकले गेले.

आता पिंजरा. मोठ्या पक्ष्याला १५० ते २०० चौरस सेंटिमीटर जागा सांगतात. आपल्याकडच्या दमट हवेत मी २०० च धरतो. ९० सेंटिमीटर लांब आणि ६० सेंटिमीटर खोल पिंजऱ्याचे क्षेत्र ५४०० चौरस सेंटिमीटर होते, म्हणजे हिशोबाने २७ पक्षी. मी २५ ठेवतो. शंभर माद्यांना असे चार पिंजरे पुरतात. तळाची जाळी अर्ध्या इंचाची असावी आणि पुढच्या बाजूला पाच-सहा सेंटिमीटरचा उतार असावा, म्हणजे अंडे आपोआप बाहेरच्या पन्हळीत येते. पण नवशिक्याची खरी चूक होते उंचीत. पक्ष्याला मोकळे वाटावे म्हणून मी दीड फूट उंच पिंजरे करून घेतले होते. बटेर दचकला की सरळ वर उडतो, आणि दीड फुटात त्याला जोर धरायला पुरेशी जागा मिळते. रात्री शेडच्या छपरावर मांजर आले आणि सकाळी ४ माद्या डोक्याची साल निघून, मान वाकडी होऊन पडलेल्या दिसल्या. उंची २०-२५ सेंटिमीटर ठेवली तर उडी जोर धरण्याआधीच थांबते. उंच पिंजरे आधीच केलेले असतील तर छताखाली गोणपाट किंवा मऊ जाळी सैल ताणून बांधा.

शेवटच्या ९ माद्या खाद्याने गेल्या. स्वस्त पडते म्हणून मी दीड महिन्याचे खाद्य एकदम घेतले आणि पोती भिंतीला लावून फरशीवर रचली. पावसाळ्यात खालच्या पोत्यांना ओल आली. त्यानंतर माद्या मान लांब करून, चोच उघडी ठेवून श्वास घेऊ लागल्या. घरघर मात्र ऐकू येत नव्हती, म्हणून मी ते उन्हाळ्यासारखे धापा टाकणे समजलो. पशुवैद्यांनी एक मेलेली मादी उघडून दाखवली: फुप्फुसात ज्वारीच्या दाण्याहून लहान, पिवळट पांढऱ्या गाठी होत्या. बुरशी श्वासावाटे आत गेली होती. यावर कामाला येईल असा औषधोपचार जवळजवळ नाही. खाद्य आणि भाताचे तूस फेकून देणे, शेड कोरडी करणे एवढेच हाती उरते. तेव्हापासून पावसाळ्यात मी पंधरा दिवसांहून जास्त खाद्य आणत नाही, पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवतो आणि रोज मूठभर खाद्य नाकाशी नेऊन वास घेतो. कुबट वास आला किंवा गोळे झालेले दिसले तर ते पोते गेले असे समजायचे, पाखडून, उन्हात घालून वापरायचे नाही. बुरशीचे विष उन्हाने जात नाही.

खाद्य कोणते, हाही प्रश्न नेहमी येतो. पिल्लांना पहिले तीन आठवडे २४ टक्के किंवा थोडी जास्त प्रथिने लागतात. बटेरचे खास खाद्य मिळाले नाही तर ब्रॉयलरचे प्री-स्टार्टर चालते, वाढ किंचित मंद होते, पण ते चाळून बारीक करावे लागते, कारण ते दाणे या पिल्लांच्या चोचीत मावत नाहीत. अंड्यावर आलेल्या मादीला २० टक्क्यांच्या आसपास प्रथिने आणि सुमारे तीन टक्के कॅल्शियम हवे. कोंबड्यांचे लेअर खाद्य नुसतेच घातले तर प्रथिने कमी पडतात आणि अंडी घटतात. कवच मऊ येऊ लागले तर शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा.

मोठी मादी दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास खाते. माझ्या ६१ माद्या दीड किलोहून थोडे जास्त खात आणि दिवसाला सरासरी ४५ अंडी मिळत, म्हणजे एका अंड्यामागे ३४ ग्रॅम खाद्य. तुमच्या दुकानातला खाद्याचा भाव या ३४ ग्रॅमला लावा आणि शेजारी घाऊक व्यापारी अंड्याला काय देतो ते लिहा. त्या फरकातून वीज, मजुरी आणि मेलेल्या पिल्लांचे पैसे निघायचे असतात. खाद्याची भांडी काठोकाठ भरू नका; पक्षी चोचीने उडवतो आणि ते जाळीखाली विष्ठेत जाते. भांडे एक तृतीयांशच भरले की हे सांडणे लक्षणीय कमी होते.

एक गोष्ट लोक विसरतात. बटेर मादी कोंबडीसारखी सकाळी नव्हे, तर बहुतांश दुपारनंतर ते संध्याकाळपर्यंत अंडी घालते. म्हणून अंडी संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारास गोळा करा. दिवसाला एकूण १४ ते १६ तास उजेड हवा. डिसेंबरमध्ये आपल्याकडे दिवस ११ तासांचा असतो, त्यामुळे पहाटे आणि संध्याकाळी साधा दिवा ठरलेल्या वेळी लावावा आणि वेळ रोज बदलू नये. बदलली की अंडी कमी होतात.

फ्लॅटच्या गॅलरीत पाळता येतील का, असे मला इथे येताना दोघांनी विचारले. मी ते सुचवणार नाही. नराचे कर्कश आरवणे रात्रीही चालते, विष्ठेचा अमोनिया बंद जागेत एका दिवसातच डोळ्यांना झोंबतो, आणि शेजाऱ्यांची तक्रार योग्यच असते. शेडमध्ये शिरल्यावर डोळे चुरचुरले, तर तो वास पक्षी आपल्याआधीच सहन करत आहेत असे समजून त्याच दिवशी जाळीखालचे विष्ठेचे तबक साफ करा.

पुढच्या वर्षी मी दुसरी बॅच पाऊस पूर्ण थांबल्यावर, नोव्हेंबरच्या सुरुवातीला आणली. पन्हळीत गोट्या होत्या, कुंपण गोल होते, इन्व्हर्टर उसना आणला होता आणि पिंजरे २५ सेंटिमीटरचे होते. दोनशेपैकी १७ मेली, त्यातली १२ पहिल्या आठवड्यात. त्या बारांपैकी चार पुन्हा पाण्यातच गेली होती, कारण सातव्या दिवशी भांडी धुताना मी एका भांड्यात गोट्या परत टाकायला विसरलो होतो.